गाळा घेण्याआधी गिऱ्हाईक मोजा

दुकान काढायचं मनात आलं की पहिली धाव गाळ्याकडे जाते. रस्ता वाहता आहे, समोर सोसायट्या उभ्या आहेत, शेजारच्या डेअरीवर संध्याकाळी गर्दी असते. एवढं पाहून माणूस टोकन देऊन मोकळा होतो. पुढे वर्षाच्या आत त्याच शटरवर 'गाळा भाड्याने देणे आहे' असा कागद चिकटलेला दिसतो. कित्येकदा माल चांगला असतो आणि कष्टही प्रामाणिक असतात. त्या वस्तीत त्या आकाराच्या दुकानापुरतं गिऱ्हाईक मात्र नसतं. हे आधी मोजता येतं. त्याला वही, पेन, पंधरा-वीस संध्याकाळी आणि थोडी चिकाटी लागते.

मोजायचं कसं ते एका उदाहरणातून पाहू. पुण्यात सिंहगड रस्त्यासारख्या उपनगरातल्या एका वस्तीत दोघी जावांना पोळी-भाजी केंद्र काढायचंय असं धरू. पोळी-भाजी केंद्र निवडण्याचं कारण असं, की हा धंदा आसपासच्या घरांवर चालतो, घरी परतणाऱ्या वाटसरूंवरही चालतो आणि त्याला उघडे-छुपे असे दोन्ही प्रकारचे प्रतिस्पर्धी असतात. उदाहरण रचलेलं आहे आणि हिशोब सहज कळावा म्हणून आकडे गोल केले आहेत. तुमच्या वस्तीत आकडे वेगळे येतील, पण रीत हीच राहील.

आधी लागणारा आकडा

वस्तीत किती गिऱ्हाईक आहे हे मोजायला निघण्याआधी आपल्याला किती लागणार आहे ते ठरवावं लागतं. वॉल्टर क्रिस्टालर ह्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांचा आणि बाजारांचा अभ्यास मांडला. त्यात त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. एखादं दुकान तगायला किमान किती मागणी लागते ही एक, आणि त्या वस्तूसाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब येतो ही दुसरी. सोन्याच्या पेढीला लागणारी वस्ती मोठी असते, पण तिथं लोक तालुक्याहूनही येतात. पोळ्यांसाठी कुणी दोन किलोमीटर चालत नाही. म्हणून केंद्राला जे काही गिऱ्हाईक लागतं, ते हाकेच्या अंतरातच मिळायला हवं.

दोघी जावांचा महिन्याचा ठरलेला खर्च असा धरू: गाळ्याचं भाडं १८ हजार, पोळ्या लाटायला-भाजायला दोन बायका प्रत्येकी १४ हजारांवर म्हणजे २८ हजार, लाइटबिल आणि पाणी ४ हजार, शेगडी-भांड्यांची झीज-दुरुस्ती ४ हजार. शिवाय दोघींचा स्वतःचा पगार प्रत्येकी १२ हजार, म्हणजे २४ हजार. एकूण झाले ७८ हजार. स्वतःचा पगार ह्या यादीत घालायलाच हवा. तो वगळला की कागदावर नफा दिसतो आणि प्रत्यक्षात दोन बायका दिवसभर फुकट राबत असतात.

आता एका बिलात किती सुटतं ते पाहू. पाच पोळ्या १२ रुपयांनी ६० आणि एक भाजी ६०, असं सरासरी बिल १२० रुपयांचं. त्यातून कणीक, भाजी, तेल, गॅस, डबे-पिशव्या आणि रात्री उरून टाकून द्यावा लागणारा माल मिळून निम्मे गेले, तर ६० रुपये हातात राहतात. ७८ हजारांना ६० ने भागलं की महिन्याला १३०० बिलं लागतात. आठवड्याची एक सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस. म्हणजे रोज ५० बिलं.

हा ५० चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा आणि पुढची मोजणी संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कारण साधं आहे. वस्ती मोजून झाल्यावर लागणारा आकडा काढायला बसलं, तर मनात भरलेल्या गाळ्यासाठी खर्च कमी दिसू लागतो आणि गिऱ्हाईक जास्त दिसू लागतं.

हद्द आखणं आणि घरं मोजणं

नकाशावर गाळ्याभोवती अर्ध्या किलोमीटरचं वर्तुळ काढणं सोपं आहे, पण माणसं वर्तुळात चालत नाहीत. सिंहगड रस्त्याच्या परिसरातून मुठा उजवा कालवा जातो. कालव्यापलीकडची इमारत खिडकीतून समोर दिसते, पण मधला पूल लांब असेल तर ती घरं आपली नव्हेत. मधोमध दुभाजक असलेला मोठा रस्ता, चढ, दिवे नसलेली गल्ली ही सगळी हद्दच असते. म्हणून घड्याळ लावून गाळ्यापासून प्रत्येक दिशेला सहा-सात मिनिटं चालायचं आणि जिथं पाय थांबतील तिथं नकाशावर खूण करायची. हे चालणं संध्याकाळी करावं. कारण दिवसा जी वाट बरी वाटते, तीच रात्री आठ वाजता पायी कुणी धरत नाही असं आढळतं.

त्या हद्दीत आता घरं मोजायची. इमारतींचे मजले, मजल्यावरचे फ्लॅट आणि विंगा ह्यांचा गुणाकार केला की दारांची संख्या मिळते. खालच्या मजल्यावरच्या नावांच्या पाटीवरून किंवा टपालपेट्यांवरून ती पडताळता येते. जनगणनेचा आधार इथं फारसा उपयोगी नाही. हाताशी असलेली पूर्ण जनगणना २०११ ची आहे, २०२१ ची झालीच नाही, आणि मधल्या काळात उपनगरांचा चेहरा ओळखू न येण्याइतका बदलला आहे. मतदारयाद्या नव्या असतात, पण भाड्याने राहणाऱ्यांची नावं बहुधा त्यांच्या गावच्या यादीत असतात. पोळी-भाजी घेणारे तर त्यांच्यातच पुष्कळ.

आपल्या उदाहरणात हद्दीत १४ सोसायट्या आणि त्यांत मिळून ११५० फ्लॅट आहेत. शिवाय बैठ्या चाळींमध्ये २५० खोल्या आहेत. एकूण १४०० दारं झाली. पण दार म्हणजे घर नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती. गुंतवणूक म्हणून घेतलेले, मुलं परदेशी गेल्यावर कुलूप लागलेले, भाडेकरूच्या प्रतीक्षेतले फ्लॅट प्रत्येक सोसायटीत असतात. ते ओळखायची खात्रीची जागा म्हणजे रात्री साडेआठच्या सुमाराचा समोरचा फुटपाथ. किती खिडक्यांत उजेड आहे ते विंगेनुसार लिहायचं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा लिहायचं, आणि दोन्ही वेळा अंधारात राहिलेल्या फ्लॅटबद्दल वॉचमनला विचारायचं. "काका, ह्या विंगेत कायमचं कुलूप किती घरांना?" ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तोंडपाठ असतं. पेपरवाला, दूधवाला आणि दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ताई ह्यांनाही हे नेमकं माहीत असतं.

नव्या बांधकामांचा मोह इथं टाळावा. समोर उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये किती फ्लॅट आहेत, किती विकले गेलेत आणि ताबा कधी द्यायचा आहे, हे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतं. पण ताबा मिळणं आणि संसार थाटणं ह्यांत बराच काळ जातो, आणि भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून द्यावं लागतं. म्हणून दिवे लागलेली घरं तेवढीच धरायची. आपल्या उदाहरणात ११५० पैकी ९५० फ्लॅटमध्ये लोक राहतात. चाळीतल्या २५० खोल्यांत पोळ्या घरीच होतात आणि १२० रुपयांचं बिल तिथं सहसा परवडत नाही. तिथली गिऱ्हाईकं आली तर आनंदच आहे, पण हिशोबात ती शून्य धरू.

'घ्याल का?' हे विचारायचं नाही

९५० घरं हाती आली. आता त्यांतली किती घरं बाहेरून पोळी-भाजी आणतात? इथं बहुतेकांची चूक प्रश्न विचारण्यात होते. "आम्ही केंद्र काढतोय, तुम्ही घ्याल ना?" असं दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारलं की तो "हो हो, नक्की घेऊ" असंच म्हणतो. ते उत्तर सौजन्याचं असतं, त्यावर कणीक भिजवता येत नाही.

प्रश्न झाल्या गोष्टीबद्दल विचारावा. गेल्या आठवड्यात किती संध्याकाळी बाहेरून पोळ्या किंवा भाजी आणली? कुठून आणली? साधारण किती रुपये झाले? घरी पोळ्यांना बाई येते का? चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. घरं निवडताना ओळखीची किंवा एकाच मजल्यावरची निवडू नयेत. दिवे लागलेल्या घरांची यादी करून त्यातलं दर सोळावं घर घेतलं, तर ९५० मधून साधारण ६० घरं हाती येतात आणि प्रत्येक सोसायटीचा त्यात वाटा राहतो. घर बंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. त्याऐवजी शेजारच्या उघड्या दाराची बेल दाबली, तर दिवसभर घरी असणारी, म्हणजे स्वयंपाक घरीच करणारी कुटुंबंच मोजणीत जास्त येतात.

चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. ह्या धंद्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी रस्त्यावर दिसतच नाही, कारण त्याला पाटी नसते. तो म्हणजे सकाळ-संध्याकाळ घरी येऊन पोळ्या करून जाणाऱ्या मावशी. नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारं घर हे आपलं हक्काचं गिऱ्हाईक असं वाटतं, पण त्याच घरात मावशी येत असतात. ते घर केंद्राकडे वळतं ते मावशी रजेवर गेल्या की. अशा घरांना नेहमीचं गिऱ्हाईक धरणं चुकीचं आहे. उलट चार मुलांनी मिळून भाड्याने घेतलेला फ्लॅट किंवा दोघंच राहणारे ज्येष्ठ नागरिक संख्येनं कमी असले तरी आठवड्याला दोन-तीनदा येतात.

समजा, ६० पैकी २१ घरांनी गेल्या आठवड्यात बाहेरून पोळी-भाजी आणली होती, आणि सगळ्यांची मिळून ३६ वेळा. म्हणजे शंभरात ३५ घरं घेतात, आणि घेणारं घर आठवड्यातून सरासरी पावणेदोन वेळा घेतं. हेच प्रमाण ९५० घरांना लावलं तर आठवड्याला ५७० खरेद्या होतात. सहा दिवसांत वाटल्या तर रोजच्या ९५.

पण ६० घरांवरून ९५० घरांबद्दल बोलताना ३५ टक्के हा आकडा काटेकोर मानता येत नाही. वेगळी ६० घरं हाती आली असती तर आकडा वेगळा आला असता. इतक्या लहान नमुन्यात खरं प्रमाण साधारण २५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान कुठंही असू शकतं. दुकान काढणाऱ्याने खालचं टोक धरून हिशोब करावा. २५ टक्के धरले तर रोजच्या खरेद्या ९५ वरून ६८ च्या आसपास येतात. आता हे दोन्ही आकडे, ९५ आणि ६८, जोडीनं पुढे न्यायचे.

रस्त्यावरची माणसं

वर्दळ मोजायला गाळ्यासमोर बसायचं. पूर्ण संध्याकाळ मोजत बसायची गरज नाही. दर तासातली १५ मिनिटं मोजून चारने गुणलं की काम भागतं. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा जुड्या करत जायचं. मात्र तीन गोष्टी वेगळ्या लिहायच्या: कोण पायी आहे आणि कोण वाहनावर, कोण कुठल्या दिशेला चाललंय, आणि ज्याला थांबावंसं वाटलं त्याला गाडी लावता येईल का.

दिशा का, ते संध्याकाळी तिथं अर्धा तास बसलं की कळतं. पोळ्या माणूस घरी परतताना घेतो, बाहेर पडताना घेत नाही. एकाच रस्त्याची एक बाजू सकाळी भरून वाहते आणि दुसरी संध्याकाळी. आपला गाळा सकाळच्या बाजूला असेल आणि मध्ये दुभाजक असेल, तर संध्याकाळची गर्दी समोरून निघून जाते. चहा-पोहे विकणाऱ्याला जो गाळा उत्तम, तोच पोळी-भाजीला कुचकामी ठरू शकतो. आपल्या धंद्याची वेळ साडेसहा ते नऊ असेल तर मोजणीही त्याच वेळेची हवी. दुपारी बाराला मोजलेल्या माणसांचा संध्याकाळच्या पोळ्यांशी संबंध नसतो.

दिवसही पाहून निवडावे लागतात. आठवड्यातला मधला एक दिवस, शनिवार आणि रविवार, असे निदान तीन दिवस मोजावेत. त्यातही पगाराचा आठवडा आणि महिनाअखेर ह्यांत फरक पडतो. गणपतीत, दिवाळीत, शाळांच्या सुट्टीत किंवा पावसाच्या संध्याकाळी मोजलेला आकडा वर्षभराला लावू नये.

आपल्या उदाहरणात गाळ्याच्या बाजूनं, घराच्या दिशेनं, १५ मिनिटांत सरासरी ७० जण जातात. म्हणजे तासाला २८० आणि अडीच तासांत ७००. हा आकडा ऐकून हुरूप येतो, पण त्याला दोन चाळण्या लागतात. ह्या ७०० मधले निम्मे आपल्याच हद्दीतल्या सोसायट्यांत राहणारे आहेत. त्यांना आपण घरांच्या मोजणीत आधीच धरलंय. तेच पुन्हा वर्दळीत धरलं तर एक माणूस दोनदा मोजला जातो, आणि अशा अंदाजांतली ही नेहमीची चूक आहे. कोण कुठं वळतं हे दोन संध्याकाळी पाहिलं की बाहेरचे किती ते कळतं. समजा, ३५० बाहेरचे निघाले.

दुसरी चाळणी थांबण्याची. शंभर माणसं गेली तर किती थांबतात? हे अंदाजानं ठरवू नये. अशाच रस्त्यावरच्या दुसऱ्या एखाद्या केंद्रासमोर तासभर उभं राहून किती गेले आणि त्यातले किती आत शिरले हे मोजावं. तिथं शंभरात तीन निघाले, तर नव्या, अनोळखी केंद्रासाठी दोन धरणं शहाणपणाचं. ३५० चे दोन टक्के म्हणजे ७ बिलं. सातशे माणसांच्या वर्दळीतून रोजची सात बिलं हातात आली. पोळी-भाजी हा घरांवर चालणारा धंदा आहे, वर्दळ त्याला थोडीच भर घालते. गजबजलेल्या रस्त्यासाठी दुप्पट भाडं मोजण्याआधी ही सात बिलं आठवावीत.

प्रतिस्पर्ध्याचं पारडं

रोजच्या ९५ किंवा ६८ खरेद्या सगळ्या आपल्या नव्हेत, त्या आज कुठंतरी होतच आहेत. कुठं होतात हे दुसऱ्या प्रश्नानं आपल्याला सांगितलंय. समजा, ३६ खरेद्यांपैकी २४ हद्दीतल्या जुन्या केंद्रातून होत्या आणि १२ हॉटेलातून किंवा मोबाइलवर मागवलेल्या. मोबाइलवरून मागवणारा माणूस पनीरची भाजी आणि नान मागवतो. तो साध्या पोळ्यांकडे वळेलच असं नाही. म्हणून केंद्राच्या प्रकारचं गिऱ्हाईक दोनतृतीयांश धरू. ९५ चे झाले ६३, आणि ६८ चे झाले ४५.

हा आकडा खरा की खोटा हे तपासायची एक युक्ती आहे. जुन्या केंद्रातून छापील बिल मिळत असेल तर एके दिवशी संध्याकाळी दुकान उघडताच एक भाजी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आणखी एक. दोन्ही बिलांवरचे अनुक्रमांक पाहायचे. पहिल्यावर १८२०४ आणि दुसऱ्यावर १८२५९ असेल तर मधल्या एका दिवसात ५५ बिलं झाली. आपल्या ४५ आणि ६३ च्या मधोमध हा आकडा बसतो, म्हणजे मोजणी साफ चुकलेली नाही. पण त्या ५५ मध्ये आपल्या हद्दीबाहेरची आणि वाटेवरची गिऱ्हाईकंही आहेत. ती वजा केली की खालच्या ४५ चाच अंदाज खरा वाटू लागतो. बिल छापील नसेल तर सात ते आठ ह्या तासात बाहेर पडणाऱ्या पिशव्या मोजाव्यात.

तिथं उभं असताना आणखी एक गोष्ट पाहायची. सव्वाआठलाच 'पोळ्या संपल्या' असं उत्तर मिळत असेल आणि माणसं परत जात असतील, तर वस्तीची मागणी त्या एका केंद्राला पुरून उरते आहे. नऊ वाजता काउंटरवर पोळ्यांची चळत तशीच असेल, तर नवं केंद्र आलं तरी गिऱ्हाईक वाढणार नाही, फक्त वाटलं जाईल. आपल्या उदाहरणात चळत शिल्लक राहते असं धरू.

मग वाटणी कशी होईल? अमेरिकेतले प्राध्यापक डेव्हिड हफ ह्यांनी १९६० च्या दशकात ह्यासाठी एक सोपं सूत्र मांडलं. घरातून निघालेला माणूस कुठल्या दुकानात जाईल हे दुकानाची ओढ आणि अंतर ह्यांवर ठरतं. अंतर वाढलं की ओढ कमी होते, आणि ती अंतराच्या पटीपेक्षा वेगानं कमी होते. सोयीसाठी अंतराचा वर्ग धरतात. दोन्ही केंद्रं सारखीच चांगली असतील आणि एखाद्या सोसायटीपासून आपलं केंद्र २०० मीटरवर व त्यांचं ४०० मीटरवर असेल, तर त्यांचं अंतर दुप्पट आणि त्यांची ओढ एकचतुर्थांश. पाच खरेद्यांमधल्या चार आपल्याकडे येतील, एक तिकडे जाईल.

आपल्या ९५० घरांचे तीन गट करू. आपल्या जवळची ३५० घरं, तिथं आपला वाटा ८० टक्के, म्हणजे २८० घरांएवढा. दोन्हीकडून सारख्या अंतरावरची ३०० घरं, तिथं निम्मा, म्हणजे १५०. जुन्या केंद्राजवळची ३०० घरं, तिथं २० टक्के, म्हणजे ६०. एकूण ४९०, म्हणजे ९५० मधला साधारण ५२ टक्के वाटा. हा वाटाही उदार आहे. जुन्या केंद्राची चव लोकांच्या तोंडात बसलेली असते, उधारीची वही असते, फोनवरून भाजी बाजूला काढून ठेवायची सोय असते. नव्याची ओढ पहिल्या वर्षी तरी तेवढी नसते.

बेरीज काय सांगते

६३ चे ५२ टक्के झाले ३३, आणि ४५ चे झाले २३. दोन्हींत वर्दळीची ७ बिलं मिळवली की नव्या केंद्राला रोज ३० ते ४० बिलं मिळतील असा अंदाज निघतो. वहीच्या पहिल्या पानावर ५० लिहिलं होतं.

ह्या तफावतीचा अर्थ रुपयांत पाहावा. रोज ४० बिलं झाली तर दहा बिलं कमी पडतात. प्रत्येकी ६० रुपये आणि २६ दिवस धरून महिन्याला १५ हजार ६०० ची तूट. दोघींच्या २४ हजारांपैकी ८ हजार ४०० हातात राहतील. ३० बिलं झाली तर तूट ३१ हजार २०० ची. पगार तर गेलाच, वर दर महिन्याला ७ हजार २०० घरातून घालावे लागतील. चौदा सोसायट्या आणि सातशे माणसांची वर्दळ असलेल्या जागी हे घडू शकतं, आणि नुसतं पाहून ते कळत नाही.

पण ह्या आकड्यांचा अर्थ 'धंदा करू नका' एवढाच नाही. ही वस्ती ५० बिलांचं दुसरं केंद्र पोसू शकत नाही, लहान केंद्र कदाचित पोसू शकेल. दोघींनी घरच्याच स्वयंपाकघरातून, रीतसर नोंदणी करून, आधी नोंदवलेल्या ऑर्डरवर सुरुवात केली तर भाड्याचे १८ हजार आणि एका बाईच्या पगाराचे १४ हजार वाचतात. ठरलेला खर्च ४६ हजारांवर येतो आणि रोज ३० बिलं पुरतात. रस्त्यावरची सात बिलं इथं मिळणार नाहीत, त्यामुळे अंदाज २३ ते ३३ चा राहतो. पाटी नसल्यानं सुरुवातीला तो आणखी खाली जाईल हेही मान्य करावं लागेल. पण अगदी २३ बिलं धरली तरी महिन्याची तूट १० हजारांच्या आतबाहेर आहे. दोघींना २४ ऐवजी सुमारे १४ हजार मिळतील, पण घरातून घालावं लागणार नाही, अनामत रक्कम अडकणार नाही आणि गाळ्याच्या करारातला ठरावीक महिने जागा न सोडण्याचा बंधनकाळही मानेवर बसणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे हीच मोजणी जुन्या केंद्रापासून लांब असलेल्या वेगळ्या गाळ्यासाठी पुन्हा करणं. घरांची यादी तयार असल्यानं दुसऱ्यांदा निम्मा वेळही लागत नाही.

ह्या रीतीच्या मर्यादा आहेत. तुमच्या भरल्या वांग्याची चव हिशोबात येत नाही. चांगलं केंद्र निघालं की पूर्वी बाहेरून न घेणारी काही घरं घेऊ लागतात, तेही आधी मोजता येत नाही. उलट वर्षभरात तिसरं केंद्र निघालं तर वाटणी पुन्हा बदलते. म्हणून अंदाजाची परीक्षा सुरुवातीलाच घ्यावी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे आदल्या दिवशी ऑर्डर घेऊन पाहावं, पैसे आगाऊ घ्यावेत आणि प्रत्येक ऑर्डरपुढे सोसायटीचं नाव लिहावं. पहिल्या चार-पाच दिवसांची ऑर्डर कौतुकाची असते, ती सोडून द्यावी. दुसऱ्या आठवड्यात तीच घरं पुन्हा मागवतात का, हे पाहावं. जवळच्या ३५० घरांतूनच पुन्हा मागणी येत नसेल तर मोजणीत नाही, मालात किंवा दरात काहीतरी चुकतंय. ती मागणी आली, पण दूरच्या घरांतून काहीच आलं नाही, तर आपली हद्द आपण आखली त्याहून लहान आहे, आणि गाळा घ्यायचाच झाला तर लागणारा आकडा त्या लहान हद्दीतूनच निघायला हवा.